आधी भुंगा, मग बुरशी: न दिसलेल्या माडाचं उत्तर पुन्हा लिहिताना

फोंड्यात माझी छोटी रोपवाटिका आहे. रोपं न्यायला येणारी माणसं नंतर फोनवरून भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या, अडचणी विचारतात आणि मी जमेल तसं सांगते. पावसाळ्यात विचारणारे वाढतात आणि फोटो मात्र पोचत नाहीत. इथे मांडते आहे ते प्रकरण एका सहा वर्षांच्या माडाचं आहे. माड सत्तरी तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा पहिला संदेश आला:

> ताई, नमस्कार. आमच्या भाटातल्या एका माडाचा मधला कोंब सुकत चाललाय. पानं कात्रीनं कापल्यासारखी दिसतात. फोटो जोडलाय. काय घालू?

फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता आणि त्यात एक चक्र फिरत होतं. दहा मिनिटं वाट पाहिली, दुकानात गिऱ्हाईक आलं, आणि मी फोटो न बघताच उत्तर देऊन टाकलं. कारण ‘कात्रीनं कापल्यासारखी’ हे शब्द वाचले की गोव्यातला कुठलाही माडवाला एकच नाव घेईल, गेंड्या भुंगा. हा भुंगा न उमललेल्या कोंबात शिरून आतली कोवळी पानं कुरतडतो. ती पानं पुढे उमलली की पात्यांवर दोन्ही बाजूंनी सारखा तिरका छेद दिसतो, घडी घातलेला कागद कापून उलगडावा तसा. मी लिहिलं:

> सर, हा गेंड्या भुंगा आहे. पाडेल्याला वर चढवा. कोंबाच्या बुडाशी भोक आणि चघळलेला भुसा दिसेल. लोखंडी आकड्यानं भुंगा ओढून काढा. मग वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत एकेक डांबरगोळी ठेवून वर वाळू घाला, दीड महिन्यानं पुन्हा. शेणखताच्या खड्ड्यात जाड पांढऱ्या अळ्या असतील तर वेचून मारा. फोटो उघडला नाही, परत पाठवा.

यातलं एकही वाक्य भुंग्याच्या बाबतीत चूक नाही. चूक रचनेत आहे. ‘फोटो उघडला नाही’ ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मी शेवटी टाकली. तोवर वाचणारा आकडा शोधायला उठलेला असतो. ‘आहे’ असं ठाम क्रियापद वापरलं, ‘असावा’ नाही. आणि आणखी एक अंदाज असा लपला होता की तो माझा मलाच दिसला नाही. ‘पाडेल्याला वर चढवा’ म्हणजे माड उंच आहे असं मी गृहीत धरलं होतं. सरांनी वय सांगितलंच नव्हतं.

तीन दिवसांनी दुसरा संदेश आला, लांबलचक. सर शिक्षक, त्यामुळे विरामचिन्हांसकट:

> ताई, फोटो काही जात नाही, म्हणून लिहूनच कळवतो. माड सहा वर्षांचा, बाणावली जातीचा. घरामागे उताराला आहे, आणखी पाच माडांच्या रांगेत. मी स्वतः शिडी लावून चढलो. तुम्ही म्हणालात तसं कोंबाच्या बाजूला एक भोक आहे, पण भुसा दिसला नाही. आकडा घातला, भुंगा मिळाला नाही. डांबरगोळ्या ठेवल्या, वाळू घातली. कापलेली पानं वरून तिसरं आणि चौथं. वरची दोन धड आहेत, त्यांतलं एक मात्र पिवळट. कोंब तपकिरी होऊन एका बाजूला कललाय. वर थोडा वास येतो, शेणखड्डा जवळ आहे, त्याचा असावा. चवथीपर्यंत सुधारेल का?

असा मजकूर हातात आला की पहिला मोह होतो तो जुन्या उत्तराखाली दोन ओळी जोडून मोकळं होण्याचा: भुंगा मिळाला नाही तर पुन्हा बघा, गोळ्या चालू ठेवा. दुसरा मोह उलटा असतो, जुनं सगळं विसरून कोरं नवं उत्तर लिहिण्याचा. इथे दोन्हींनी नुकसान झालं असतं. पहिल्याने रोग हातचा सुटला असता. दुसऱ्याने हे विसरलं गेलं असतं की सरांनी माझ्या पहिल्या उत्तरावर काम केलेलं आहे. त्या कोंबाभोवती आता माझ्या सांगण्यावरून घातलेली ओली वाळू बसली होती.

म्हणून आधी सरांचा मजकूर मी पुन्हा वाचला, या वेळी तो कोणत्या क्रमाने लिहिलाय ते बघत. माड कोणता, कुठे आहे हे सांगून झाल्यावर ते थेट भोकावर येतात, मग भुसा, आकडा, भुंगा. हा माझ्या उत्तराचा क्रम आहे, माडाचा नाही. माणसाला एकदा ‘भुंगा’ ऐकवला की तो भुंग्याच्या खुणा शोधतो आणि सापडल्या-न सापडल्याचा हिशेब देतो. जे भुंग्यात बसत नाही ते शेवटी येतं, आणि त्याचं कारणही तो स्वतःच देऊन टाकतो. वास येतो, तर तो शेणखड्ड्याचा असावा. म्हणजे हे वर्णन फोटोची जागा घेत नव्हतं. फोटो माझं उत्तर वाचून काढलेला नसतो, हे वर्णन माझं उत्तर वाचून लिहिलेलं होतं. त्यात मी न विचारता आलेल्या गोष्टी, वास, कललेला कोंब आणि पिवळट पान, या मला जास्त वजनाच्या वाटल्या.

सगळ्यांत बोलका तपशील मात्र साधा होता: कापलेली पानं तिसरं आणि चौथं, वरची दोन धड.

माडाला साधारण महिन्याला एक पान येतं, वर्षाला बारा-तेरा. छोट्या माडाला थोडी कमी. भुंगा पान कापतो ते पान अजून कोंबात घडी होऊन असतं तेव्हा. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पानावर छेद दिसतो तो निदान दोन-तीन महिने जुना, पाऊस सुरू होण्याआधीचा. त्यानंतर उमललेली दोन पानं धड आहेत, म्हणजे मधल्या काळात भुंगा तिथे जेवला नाही. भोक आहे पण भुसा नाही, आकड्याला काही लागलं नाही, हेही त्याच्याशी जुळतं. माझा अंदाज खोटा नव्हता. तो शिळा होता. भुंगा खरोखर येऊन गेला होता, पण जुलैत कोंब सुकतोय तो त्याच्यामुळे नाही. मग कोणामुळे?

पावसाळ्यात नव्या माडाचा कोंब तपकिरी होतो, कलतो, वर वास येतो, म्हणजे पहिला संशय कोंब कुजण्याचा. ही बुरशी फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा, सततच्या पावसात आणि दमट हवेत फोफावणारी. भुंग्याने पाडलेल्या जखमेतून तिला आत शिरायला वाट मिळू शकते, त्यामुळे ‘भुंगा की बुरशी’ असा प्रश्नच इथे चुकीचा ठरतो. आधी एक, मग दुसरी. दुसरा संशय सोंड्या भुंग्याचा. तोही अशाच जखमांकडे येतो, पण त्याच्या अळ्या खोडात आतून पोखरतात. त्याचा उपाय वेगळा, म्हणून तो बाजूला काढल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

उत्तर लिहिण्याआधी मी सरांना तीन गोष्टी करायला सांगितल्या आणि रोगाचं नाव मुद्दाम घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर पुन्हा त्या नावाच्या खुणा मला परत मिळाल्या असत्या.

> सर, पाऊस थांबला की एवढंच बघून सांगा. एक, कललेला कोंब दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. काय होतं? दोन, निघाला तर त्याचं बूड कसं दिसतं, आणि बुडाचा वास घ्या, खड्ड्यापासून लांब नेऊन. तीन, खोडावर कुठे भोकातून तपकिरी रस गळतो का, आणि खोडाला कान लावून कुरकुर ऐकू येते का? बाकी काही घालू नका.

तासाभरात उत्तर आलं. या वेळी विरामचिन्हं कमी होती.

> कोंब हातात आला ताई. बूड मऊ, काळं, कुजलेलं. वास अगदी असह्य, घरात आणता येणार नाही. रस नाही आवाज नाही.

निरोगी कोंब असा दोन बोटांनी येत नाही. बूड कुजून सुटलं की येतो, आणि तो घाणेरडा वासही त्याच कुजण्याचा. आता जोडायचं ते उत्तर. इथे मी पहिल्या उत्तराची वाक्यं एकेक करून समोर घेतली आणि प्रत्येकाला विचारलं: तू कशाच्या आधारावर उभं होतंस, आणि तो आधार आता आहे का?

‘हा गेंड्या भुंगा आहे’, याचा आधार कापलेली पानं. आधार टिकला, काळ बदलला. ‘आहे’चं ‘येऊन गेला’ झालं. ‘पाडेल्याला वर चढवा’ याला आधारच नव्हता, ते गेलं. ‘आकड्यानं काढा’, भुंगा आत नाही, ते गेलं. शिवाय कुजलेल्या कोंबात घातलेला आकडा न धुता शेजारच्या माडात घालू नये, ही नवी सूचना त्यातून निघाली. ‘डांबरगोळी आणि वाळू’ हे नुसतं गाळून चालणार नव्हतं, उलटवायला हवं होतं, कारण ते झालेलं होतं. कुजका भाग कापून लेप लावायचा तर बेचक्यांतली वाळू आधी उपसावी लागते. ‘शेणखड्ड्यातल्या अळ्या’ हे पूर्ण टिकलं, कारण ती भुंग्याची पैदास थांबवण्याची गोष्ट आहे आणि भुंगा या भाटात येतो हे आता नक्की झालं होतं. फक्त त्याची जागा पहिल्या दिवसावरून पुढच्या महिन्यावर गेली.

‘चवथीपर्यंत सुधारेल का’ या प्रश्नाला पहिल्या उत्तरात काहीच नव्हतं, आणि तो सरांचा खरा प्रश्न होता. माडाला वाढीचा डोळा एकच. तो कुजला की माड गेला, खालची झावळं पुढे काही महिने हिरवी राहिली तरी. डोळा वाचला असेल तर नवा कोंब यायला महिने लागतात. हे गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता.

मी पाठवलं ते शेवटचं उत्तर असं. जुन्याला जोड म्हणून लिहिलं नाही, एकटं वाचलं तरी पुरेल असं लिहिलं, आणि जुन्याशी नातं पहिल्या दोन ओळींतच सांगून टाकलं.

> सर, हे उत्तर आधीच्या जागी धरा. मी तेव्हा फोटो न बघता भुंगा म्हटलं होतं. भुंगा येऊन गेलेला आहे, पण आता कोंब कुजतोय तो बुरशीनं.
>
> आज: तुम्ही घातलेली वाळू आणि गोळ्या बेचक्यांतून पूर्ण काढा. आकडा नि कोयता गरम पाण्यानं धुवा. धारदार कोयत्यानं कुजका भाग थरथर कापत जा, पांढरा, घट्ट, वास नसलेला गाभा लागेपर्यंत. तो लागलाच नाही आणि पोकळी खाली उतरत गेली, तर थांबा आणि मला कळवा, तो माड वाचणार नाही.
>
> लेप: मोरचूद 100 ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, कळीचा चुना 100 ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, ढवळत राहा. चकचकीत सुरी बुडवून बघा, तिच्यावर तांबूस डाग आला तर आणखी चुना घाला. त्याच दिवशी वापरा. कापलेल्या जागी जाड लावा आणि पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून प्लास्टिकनं सैलसर झाका.
>
> शेजारचे पाच माड: त्यांना लेप नाही, फवारणी. तेच 100 आणि 100 ग्रॅम, पण एकूण पाणी 10 लिटर. कोंबावर आणि बेचक्यांत. पावसात खंड बघून.
>
> कापलेला भाग भाटात टाकू नका. जळत नसेल तर लांब, खोल पुरा.
>
> भुंग्याचं नंतर: पाऊस ओसरला की शेणखड्डा उपसून पांढऱ्या अळ्या वेचा. डांबरगोळ्या धड असलेल्या पाच माडांना, या माडाला नाही.
>
> चवथीपर्यंत काही दिसणार नाही. डोळा वाचला असेल तर पुढच्या काही महिन्यांत नवा कोंब येईल, पहिलं पान वेडंवाकडं असेल.

लेपाची आणि फवारणीची मापं मी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिली, त्याला कारण आहे. औषध तेच, वजनं तीच, फक्त पाणी दहापट. एका वाक्यात लिहिलं की माणसं उरलेला लेपच पाणी न वाढवता पंपात भरतात आणि पंपाचं तोंड तुंबवून बसतात. एकदा तुंबलं की फवारणी राहून जाते.

‘या माडाला नाही’ हे तीन शब्द मी नंतर घातले, संदेश पाठवण्याआधी पुन्हा वाचताना. पहिल्या उत्तरातलं ‘दीड महिन्यानं पुन्हा’ सरांच्या डायरीत लिहिलेलं असणार, ते शिक्षक आहेत. ठरल्या दिवशी ते शिडी लावून ताज्या जखमेच्या भोवती पुन्हा गोळ्या आणि वाळू घालणार. रद्द झालेली सूचना गप्प राहिली तर रद्द होत नाही, तिचं नाव घेऊन ती काढावी लागते.

एक गोष्ट मात्र मला सुचली नाही. सरांनी माझा पहिला संदेश डिचोलीत राहणाऱ्या मेहुण्यांना पुढे पाठवला होता, त्यांच्याकडेही एक माड ‘तसाच’ होता म्हणून. त्यांना दुसरं उत्तर गेलंच नाही. दोन आठवड्यांनी मेहुण्यांचा फोन आला, गोळ्या घातल्या पण गुण नाही. सुदैवाने त्यांच्याकडे खरोखर भुंगाच निघाला. भोकात ओला भुसा होता आणि कोंब ओढून येत नव्हता, फक्त त्यांनी आकडा न घालताच गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांना पहिलं उत्तरच पुन्हा पाठवायचं होतं. तरी मी ते जसंच्या तसं पाठवलं नाही. ‘आहे’ काढून ‘भोकात ओला भुसा असेल आणि कोंब ओढून येत नसेल तर’ असं सुरुवातीला घातलं.

सरांच्या माडाचं पुढे असं झालं. चार बोटं कापल्यावर पांढरा गाभा लागला. लेप लावला, प्लास्टिक दोनदा वाऱ्याने उडालं, दोनदा नवं बांधलं. दुसऱ्यांदा बांधताना लेपही पुन्हा दिला. शेजारचे पाच माड धड राहिले. ते फवारणीमुळे की तसेच राहिले असते, हे एका रांगेवरून सांगता येत नाही. ऑक्टोबर संपताना मधून एक आखूड, मुरडलेला कोंब वर आला. सरांनी तेव्हा तो फोनवर ‘कोंब आला, वेडावाकडा, तुम्ही म्हणालात तसाच’ असा कळवला, आणि मी लगेच विचारलं की ओढून पाहिला नाही ना. नव्हता पाहिला.

दिवाळीनंतर ते रोपं न्यायला फोंड्याला आले तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढून तो जुलैतला फोटो दाखवला. तो त्यांच्याकडे होताच, फक्त माझ्याकडे आला नव्हता. मी तो हातात घेऊन मोठा करून पाहिला. चौकट भरून दोन कापलेली झावळं होती, छेद इतके स्वच्छ की शाळेच्या पुस्तकात छापावेत. कोंबाचा फक्त बुडाकडचा वीतभर भाग आला होता, बाकी वर कापला गेला होता, रंग सावलीत. हा फोटो पहिल्याच दिवशी उघडला असता तर मी ‘गेंड्या भुंगा आहे’ हेच लिहिलं असतं, आणि ‘फोटो परत पाठवा’ही लिहिलं नसतं.

कोपऱ्यात मागे निळी ताडपत्री दिसत होती. मी विचारलं हे काय. सर म्हणाले, शेणखड्डा, पावसात झाकून ठेवतो. तो कुंपणापलीकडे, विहिरीच्याही पुढे होता. शिडीवरच्या माणसाला त्याचा वास येणं शक्य नव्हतं.